मार्कोव्हने मोजलेले स्वर आणि जोडस्वराची वाट

जानेवारी १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत आंद्रेई मार्कोव्ह यांनी एक निबंध वाचला. वय ५६, गणितात नाव मोठं, आणि निबंधातलं काम मात्र एखाद्या चिकाटीच्या कारकुनाचं. त्यांनी पुश्किनची ‘येवगेनी अनेगिन’ ही पद्यकादंबरी घेतली. शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं सोडून दिली, रशियन लिपीत ज्यांना स्वतःचा उच्चार नसतो अशी दोन चिन्हंही वगळली, आणि सुरुवातीची २०,००० अक्षरं सलग मांडली. शंभर-शंभर अक्षरांच्या चौकटी, प्रत्येकीत दहा ओळी आणि दहा रकाने, अशा दोनशे चौकटी झाल्या. मग प्रत्येक अक्षर स्वर आहे की व्यंजन, एवढंच बघत हातानं मोजणी.

मोजणीत निघाले ८,६३८ स्वर आणि ११,३६२ व्यंजनं. त्याशिवाय एक गोष्ट त्यांनी मोजली, आणि सगळी गंमत तिच्यात आहे: स्वरामागून लगेच दुसरा स्वर किती वेळा येतो? उत्तर, ११०४ वेळा.

हे कशासाठी, तर एका भांडणासाठी. मॉस्कोचे गणिती पावेल नेक्रासोव्ह यांचं म्हणणं होतं की मोठ्या संख्येत सरासरी स्थिर होते ती घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात म्हणूनच. आणि हा धागा त्यांनी थेट माणसाच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत ओढत नेला होता. मार्कोव्ह कडवे नास्तिक. १९१२ मध्ये त्यांनी स्वतःहून चर्चला पत्र लिहून आपल्याला धर्मबाह्य करा अशी मागणी केली होती. त्यांना नेक्रासोव्हचा युक्तिवाद पटणं शक्यच नव्हतं. एकमेकांवर अवलंबून असलेल्या घटनांतही सरासरी स्थिरावते, हे त्यांनी १९०६ पासून कागदावर दाखवलं होतं. पुश्किनच्या अक्षरांत ते उदाहरणासह दिसलं.

मार्कोव्ह साखळी, म्हणजे पुढचं पाऊल फक्त आत्ताच्या अवस्थेवरून ठरतं अशी घटनांची मालिका, शिकवताना पुस्तकात बहुधा ऊन-पावसाचं उदाहरण असतं, आणि त्यातले आकडे कुणीतरी बसल्या बसल्या लिहिलेले असतात. मला ही मूळ साखळी जास्त आवडते. आकडे खरे आहेत, अवस्था स्वर आणि व्यंजन अशा दोनच आहेत, आणि साखळीला विचारले जाणारे दोन मोठे प्रश्न तिच्यावर कागद-पेन्सिलीनं सुटतात. पहिला प्रश्न: साखळी बराच काळ चालू राहिली तर ती कोणत्या अवस्थेत किती वेळ काढते? याला स्थिर वितरण म्हणतात. दुसरा: एखादी ठरावीक गोष्ट घडेपर्यंत सरासरी किती पावलं वाट पाहावी लागते? याला शोषणाचा अपेक्षित काळ म्हणतात. ‘शोषण’ हा शब्द जरा विचित्र वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की ती गोष्ट घडली की खेळ संपला, साखळी तिथून पुढे सरकत नाही.

आधी साखळी उभी करू. ८,६३८ स्वरांपैकी ११०४ स्वरांच्या मागून पुन्हा स्वर आला. म्हणजे स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता ११०४ ÷ ८६३८ = ०.१२८. स्वरानंतर व्यंजन येण्याची मग ०.८७२. आता उरलेले ८६३८ − ११०४ = ७५३४ स्वर व्यंजनाच्या मागून आले असणार. म्हणून व्यंजनानंतर स्वर येण्याची संभाव्यता ७५३४ ÷ ११३६२ = ०.६६३, आणि व्यंजनानंतर व्यंजन ०.३३७. हे चार आकडे म्हणजे आपली अख्खी साखळी. पुढचं अक्षर काय येणार हे ठरवताना फक्त आत्ताचं अक्षर बघायचं, त्याच्या मागचं सगळं विसरायचं, ही तिची एकमेव अट.

(मराठीवर हा प्रयोग करायचा तर आधी एक निर्णय घ्यावा लागेल. आपल्या लिपीत ‘क’ लिहिला की त्यात अ दडलेला असतो. ‘कमळ’ हा शब्द क्, अ, म्, अ, ळ् असा पाच वर्णांचा मोजायचा, की शेवटचा न उच्चारलेला अ धरून सहा वर्णांचा? दोन्हींपैकी काय धरलं यावर चारही आकडे बदलतील. रशियन लिपीत स्वर सुटा लिहिला जातो, त्यामुळे मार्कोव्हची या कटकटीतून सुटका झाली.)

आता पहिला प्रश्न. साखळी दीर्घकाळ चालली तर अक्षरांतला स्वरांचा वाटा किती? तो वाटा ‘स’ धरू आणि व्यंजनांचा ‘व’. स्थिर याचा अर्थ असा की एक पाऊल पुढे गेल्यावरही वाटा तोच राहिला पाहिजे. पुढच्या पावलावर स्वरात कोण येतं? आधी स्वरात असलेल्यांपैकी ०.१२८ भाग तिथेच राहतो आणि व्यंजनांत असलेल्यांपैकी ०.६६३ भाग तिकडून येतो. म्हणून

स = ०.१२८ स + ०.६६३ व

डावीकडे नेऊन नीट लिहिलं की

०.८७२ स = ०.६६३ व

ही दुसरी ओळ मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. डावीकडे आहे स्वरातून बाहेर पडणारा प्रवाह, उजवीकडे स्वरात शिरणारा. एसटीच्या गाडीतून प्रत्येक थांब्यावर जितके उतरतात तितकेच चढले, तर गाडीतली गर्दी तेवढीच राहते. माणसं बदलतात, संख्या बदलत नाही. स्थिर वितरणात अक्षरं थांबत नाहीत. आवक आणि जावक बरोबरीची होते.

सोबत स + व = १ हे समीकरण जोडलं की

स = ०.६६३ ÷ (०.६६३ + ०.८७२) = ०.६६३ ÷ १.५३५ = ०.४३१९

आता मोजणीकडे परत जा. ८६३८ ÷ २०००० = ०.४३१९. चौथ्या दशांशापर्यंत जुळलं.

वर्गात इथे पोरं खूश होतात, आणि मला त्यांच्या आनंदावर थोडं पाणी ओतावं लागतं. ही जुळणी साखळीच्या खरेपणाचा पुरावा अजिबात नाही. ती घडणारच होती. ओळीनं लिहिलेल्या अक्षरांत स्वरावरून व्यंजनावर एकदा गेलात, की पुन्हा स्वरावरून व्यंजनावर जाण्याआधी एकदा व्यंजनावरून स्वरावर परत यावंच लागतं. म्हणजे दोन्ही दिशांच्या उड्यांची संख्या सारखी असणार, फार तर एकाचा फरक. आपण ०.१२८ आणि ०.६६३ त्याच मजकुरातून काढले, मग आवक-जावक जुळणं हा हिशेबच आहे. उद्या कुणी अशीच दोन अवस्थांची साखळी घेऊन ‘आमच्या मॉडेलचं स्थिर वितरण प्रत्यक्षाशी जुळतं’ म्हणून सांगितलं, तर आधी विचारा की संक्रमणाचे आकडे कुठून आणले.

स्थिर वितरण काढताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल. संक्रमणाच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या संभाव्यता मांडलेल्या चौकटीत, प्रत्येक ओळीची बेरीज १ असते. वाटा ओळीसारखा डावीकडे लिहून गुणायचा असतो. तो चुकून उजवीकडे, स्तंभासारखा ठेवला, तर समीकरणं सुटतात, काही अडत नाही, आणि उत्तर येतं सगळ्यांना समान वाटा. इथे ०.५ आणि ०.५ आलं असतं. कारण उघड आहे: ओळीत भरलेल्या संभाव्यतांनी सारख्याच संख्येची सरासरी काढली तर तीच संख्या परत मिळणार. तेव्हा कुठल्याही साखळीचं उत्तर संशयास्पदपणे समसमान आलं, तर आधी मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभांची अदलाबदल करून बघावी.

स्थिर वाट्यापर्यंत साखळी पोहोचते किती लवकर? समजा आपण नक्की स्वरावर आहोत. पुढचं अक्षर स्वर असण्याची संभाव्यता ०.१२८. त्याच्या पुढचं? ०.५९५. मग ०.३४५, ०.४७८, ०.४०७, ०.४४५, ०.४२५. दर पावलाला उत्तर ०.४३१९ च्या या बाजूला, मग त्या बाजूला जातं आणि अंतर कमी होत जातं. प्रत्येक वेळी अंतराला ०.१२८ − ०.६६३ = −०.५३५ ने गुणलं जातं. वजा चिन्हामुळे हेलकावा, आणि अर्ध्याच्या जवळपासच्या आकड्यामुळे घसरण. सात-आठ अक्षरांनंतर आपण कुठून निघालो याला फारसा अर्थ उरत नाही.

हा गुणक −१ झाला असता तर? म्हणजे स्वरानंतर नेहमी व्यंजन आणि व्यंजनानंतर नेहमी स्वर. समीकरण सोडवलं तर निम्मे-निम्मे असं व्यवस्थित उत्तर येतं, पण हेलकावा कधीच शमत नाही: दहा हजारावं अक्षर स्वर आहे की व्यंजन हे पहिल्या अक्षरावरूनच सांगता येतं. तिथे निम्मे-निम्मे हे फक्त दीर्घकाळच्या मोजणीचं उत्तर असतं, एखाद्या क्षणाच्या अंदाजाचं नाही. समीकरण सुटलं म्हणजे साखळी तिथे जाऊन बसतेच असं नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते जास्त रंजक. मजकूर वाचत चाललो आहोत. दोन स्वर लागोपाठ, म्हणजे एक जोडस्वर, येईपर्यंत सरासरी किती अक्षरं वाचावी लागतील?

यासाठी साखळीत एक अवस्था वाढवायची: ‘जोडस्वर सापडला’. तिथे पोहोचलो की थांबायचं. आता अज्ञात दोन. आत्ता व्यंजनावर असलो तर अजून किती अक्षरं लागतील ते वाट(व), आणि स्वरावर असलो तर वाट(स). या अज्ञातांची समीकरणं लिहिण्याची युक्ती एकच आहे: एक पाऊल टाका, एक अक्षर मोजा, आणि जिथे पोहोचाल तिथली वाट पुढे मोजा.

व्यंजनावरून निघालो तर एक अक्षर खर्च झालंच. मग ०.३३७ संभाव्यतेनं पुन्हा व्यंजनावर आणि ०.६६३ नं स्वरावर:

वाट(व) = १ + ०.३३७ × वाट(व) + ०.६६३ × वाट(स)

स्वरावरून निघालो तर ०.१२८ संभाव्यतेनं काम फत्ते, पुढची वाट शून्य, नाहीतर ०.८७२ नं व्यंजनावर:

वाट(स) = १ + ०.८७२ × वाट(व)

‘जोडस्वर सापडला’ या अवस्थेसाठी समीकरण लिहायचं नाही. तिथली वाट शून्य, एवढंच. उत्साहाच्या भरात तिलाही ‘१ + स्वतःची वाट’ हा नियम लावला तर ० = १ असं काहीतरी हातात येतं, आणि संगणकाला दिलं तर तो मॅट्रिक्स उलटत नाही म्हणून कुरकुरतो. परीक्षेच्या पेपरात ही चूक ओळखणं सोपं असतं. विद्यार्थ्यानं शेवटी उत्तर खोडलेलं असतं.

पहिलं समीकरण आवरलं की ०.६६३ × वाट(व) = १ + ०.६६३ × वाट(स), म्हणजे

वाट(व) = १.५०८ + वाट(स)

हे साहजिकच आहे. व्यंजनावरून जोडस्वरापर्यंत जायचं तर आधी एका स्वरावर यायला हवं, आणि त्याला सरासरी १ ÷ ०.६६३ = १.५०८ अक्षरं लागतात. हे दुसऱ्या समीकरणात घालू:

वाट(स) = १ + ०.८७२ × १.५०८ + ०.८७२ × वाट(स)

०.१२८ × वाट(स) = २.३१५

वाट(स) = १८.०९, आणि वाट(व) = १९.६०

बीजगणित बरोबर असलं तरी उत्तर डोक्यात बसत नाही तोवर माझा त्यावर विश्वास बसत नाही. म्हणून हेच दुसऱ्या वाटेनं. स्वरावर आलो की प्रत्येक वेळी एक डाव खेळला जातो, यशाची संभाव्यता ०.१२८. म्हणजे सरासरी १ ÷ ०.१२८ = ७.८१ डाव लागणार. त्यातला शेवटचा डाव यशस्वी, त्याला एक अक्षर. आधीचे ६.८१ डाव फसलेले. फसलेल्या डावात स्वरावरून व्यंजनावर जायला एक अक्षर आणि तिथून पुढच्या स्वरापर्यंत सरासरी १.५०८, मिळून २.५०८. आता ६.८१२५ × २.५०८ + १ केलं की १८.०९. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या.

आणि तिसरी वाट आहे, ती पहिल्या प्रश्नातून येते. स्थिर वितरणानुसार कोणतंही अक्षर स्वर असण्याची संभाव्यता ०.४३१९, आणि त्याच्या पुढचंही स्वर असण्याची ०.१२८. दोघांचा गुणाकार ०.०५५३. म्हणजे मजकुरात दर अक्षरामागे ०.०५५३ जोडस्वर. उलट केलं तर एका जोडस्वरापासून पुढच्या जोडस्वरापर्यंत सरासरी १ ÷ ०.०५५३ = १८.०९ अक्षरं. हा नेमका वाट(स) आहे, कारण जोडस्वर संपतो तिथे आपण स्वरावरच उभे असतो आणि पुढची वाट तिथूनच सुरू होते. पुस्तकात २०,००० अक्षरांत ११०४ जोडस्वर आहेत: २०००० ÷ ११०४ = १८.१. स्थिर वितरण आणि शोषणाचा काळ हे वर्गात दोन वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवले जातात, पण ज्या गोष्टीची आपण वाट पाहतो ती पुन्हा पुन्हा घडणारी असेल, तर एकाचं उत्तर दुसऱ्याला तपासायला वापरता येतं. मी स्वतः हिशेब केला की हा ताळा घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

ताळा घेताना एक सावधगिरी. १८.०९ हे स्वरापासूनचं अंतर आहे. व्यंजनापासून सुरुवात केली तर १९.६० लागतात. ‘सरासरी किती वाट पाहावी लागते’ या प्रश्नाला ‘कुठून निघाल्यावर’ हे जोडलं नाही तर उत्तर अपुरं राहतं.

शिवाय सरासरी १८ म्हणजे बहुतेकदा १८ च्या आसपास, असं नाही. स्वरावरून निघालात तर आठातल्या एका वेळी पुढच्याच अक्षरावर काम होतं. निम्म्या वेळा १२ अक्षरांच्या आत जोडस्वर सापडतो. पण शंभरातल्या सहा वेळा ५० अक्षरं उलटूनही सापडत नाही, आणि या लांबलचक प्रतीक्षा सरासरीला वर ओढतात. वाट पाहण्याच्या हिशेबात हे जवळजवळ नेहमीच होतं, त्यामुळे सरासरी हे ‘साधारण इतका वेळ’ असं सांगताना जपून वापरावं.

दोनच अज्ञात असताना कागद पुरतो. अवस्था दहा झाल्या की संगणकाकडे जावं. पायथनमध्ये एवढंच लागतं:

```python
import numpy as np

P = np.array([[0.337, 0.663],
              [0.872, 0.128]])
A = np.vstack([P.T - np.eye(2), np.ones(2)])
pi = np.linalg.lstsq(A, np.array([0, 0, 1]), rcond=None)[0]
print(pi.round(4))    # [0.5681 0.4319]

Q = np.array([[0.337, 0.663],
              [0.872, 0.0]])
h = np.linalg.solve(np.eye(2) - Q, np.ones(2))
print(h.round(2))     # [19.6  18.09]
```

पहिली ओळ व्यंजनाची, दुसरी स्वराची. `P.T` मधला तो `T` म्हणजेच वर सांगितलेली ओळी-स्तंभांची उलटापालट. तो विसरलात की ०.५, ०.५. आणि `Q` मध्ये ०.१२८ च्या जागी शून्य आहे, कारण तो भाग साखळीतून बाहेर, शोषणाच्या अवस्थेत गेला. त्यामुळे `Q` च्या दुसऱ्या ओळीची बेरीज १ पेक्षा कमी आहे. ही गळती कुठेच नसती, सगळ्या ओळींची बेरीज १ असती, तर शोषणाच्या अवस्थेला जाणारी वाटच नाही असा अर्थ झाला असता. मग सरासरी प्रतीक्षा अनंत, आणि `solve` चूक दाखवतो किंवा अवाढव्य, निरर्थक आकडा फेकतो.

इथवर साखळीनं आपल्याला निराश केलेलं नाही. पण स्थिर वितरण नेमकं काय सांगत नाही, हे बघायला एक तुलना करू. समजा अक्षरं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत, जणू थैलीतून चिठ्ठ्या काढाव्यात तशी, आणि प्रत्येक वेळी स्वर येण्याची संभाव्यता ०.४३१९. याही साखळीचं स्थिर वितरण ४३.१९ टक्के स्वर. पहिल्या प्रश्नाला दोघींचं उत्तर एकच. पण या थैलीत २०,००० अक्षरांत सुमारे ३,७३० जोडस्वर सापडायला हवेत, प्रत्यक्षात आहेत ११०४. आणि एका जोडस्वरापासून पुढच्यापर्यंतची वाट १८ ऐवजी जेमतेम ५.४ अक्षरं. स्वर किती, हे दोघींना ठाऊक आहे. स्वर एकमेकांना टाळतात, हे थैलीला ठाऊक नाही. ‘किती’ सारखं असूनही ‘केव्हा’ तिपटीनं वेगळं असू शकतं.

मग आपली साखळी तरी पुरेशी आहे का? मार्कोव्ह यांनी हेही तपासलं. त्यांनी तीन-तीन अक्षरांच्या जुड्या मोजल्या. लागोपाठ दोन व्यंजनं ३,८२७ ठिकाणी आहेत. साखळी म्हणते, व्यंजनानंतर व्यंजन येण्याची संभाव्यता ०.३३७, मग आधी एक व्यंजन असो की दोन. त्या हिशेबानं लागोपाठ तीन व्यंजनं सुमारे १,२९० ठिकाणी हवीत. प्रत्यक्षात ५०५ ठिकाणी आहेत. दोन व्यंजनांनंतर तिसरं येण्याची संभाव्यता ०.३३७ नसून ०.१३२ निघाली. जीभ दोन व्यंजनांनंतर स्वर मागते. एका अक्षरापुरती आठवण असलेल्या साखळीला ही मागणी ऐकू येत नाही.

याचा परिणाम वाटेवर किती होतो बघा. ‘लागोपाठ तीन व्यंजनं येईपर्यंत’ असा प्रश्न आपल्या साध्या साखळीला विचारला, दोन व्यंजनांवर उभं राहून, तर ती १५.५ अक्षरं म्हणते. वर वापरलेलीच पद्धत, फक्त अज्ञात तीन. पुस्तकात मात्र एका अशा जागेपासून पुढच्यापर्यंत सरासरी २०००० ÷ ५०५ = ३९.६ अक्षरं आहेत. अडीचपट फरक, आणि तोही त्या साखळीत जिचा स्वरांचा वाटा चौथ्या दशांशापर्यंत अचूक होता.

उपाय मार्कोव्ह यांचाच आहे, आणि आजही तोच करतात: आठवण वाढवायची असेल तर अवस्था मोठ्या करा. एका अक्षराऐवजी शेवटची दोन अक्षरं मिळून एक अवस्था. स्वर-स्वर, स्वर-व्यंजन, व्यंजन-स्वर, व्यंजन-व्यंजन, अशा चार. साखळी पुन्हा ‘फक्त आत्ताची अवस्था बघा’ हाच नियम पाळते, पण त्या अवस्थेतच मागचं एक अक्षर साठवलेलं आहे. दोन आकडे मार्कोव्हच्या मोजणीतून मिळतात: दोन स्वरांनंतर तिसरा स्वर ११५ वेळा, म्हणजे ०.१०४, आणि दोन व्यंजनांनंतर तिसरं व्यंजन ०.१३२. उरलेले दोन वजाबाकीनं निघतात. लागोपाठ दोन व्यंजनांच्या ३,८२७ जागांपैकी ५०५ जागांच्या आधीही व्यंजनच आहे, मग ३,३२२ जागांच्या आधी स्वर. स्वर-व्यंजन अशा ७,५३४ जागांपैकी इतक्यांनंतर व्यंजन आलं: ३३२२ ÷ ७५३४ = ०.४४१. तशाच वजाबाकीनं व्यंजन-स्वर नंतर स्वर येण्याची संभाव्यता ९८९ ÷ ७५३४ = ०.१३१.

आता चार अज्ञातांची चार समीकरणं. त्यातलं एक दाखवतो, बाकीची याच घाटाची आहेत. स्वर-व्यंजन या अवस्थेतून एक अक्षर वाचलं की ०.४४१ संभाव्यतेनं व्यंजन-व्यंजन आणि ०.५५९ नं व्यंजन-स्वर:

वाट(सव) = १ + ०.४४१ × वाट(वव) + ०.५५९ × वाट(वस)

सोडवल्यावर वाट(वव) ३९.६ येते. पुस्तकाशी जुळलं. पण तुम्ही इथवर वाचलं असेल तर लगेच विचाराल की ही जुळणीही घरचीच ना? होय, घरचीच. तीन व्यंजनं संपतात तिथे आपण दोन व्यंजनांवर उभे असतो, आणि तीन व्यंजनांची वारंवारता आपण साखळीत स्वतःच भरली आहे. वाट(सव) मात्र तशी नाही. स्वरानंतर एकच व्यंजन आलेल्या जागेवरून तीन व्यंजनांपर्यंत ४३.३ अक्षरं लागतील, असं ही साखळी सांगते, आणि हा आकडा आपण भरलेल्या कुठल्याही मोजणीत आयता बसलेला नव्हता. तो खरा की खोटा हे ठरवायला पुश्किनची तीच वीस हजार अक्षरं पुन्हा उघडावी लागतील, आणि स्वर-व्यंजनाच्या त्या ७,५३४ जागांपैकी प्रत्येकीपासून पुढे मोजत जावं लागेल.